एनडीए क्लायंटचा आहे, तुमच्या कामाचा नाही

गेली काही वर्षं मी पुण्यात एका आयटी सर्व्हिसेस कंपनीच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते. एक वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं: "सॉरी मॅडम, एनडीए आहे, सांगता येणार नाही." एनडीए म्हणजे क्लायंटची माहिती बाहेर न सांगण्याचा करार. समोरच्याने तीन-चार वर्षं रात्री जागून काम केलेलं असतं, आणि रेझ्युमेत त्याची एकच ओळ उरते, 'एका आघाडीच्या विमा कंपनीसाठी क्लेम्स मॉड्यूलवर काम केले'. ही ओळ शंभर जणांच्या रेझ्युमेत असते.

अलीकडेच एक मुलगा आला होता. त्याचंही तेच. मी म्हटलं, "नाव नकोच. रात्री काय बिघडायचं, तेवढं सांगा." तो क्षणभर थांबला आणि मग बोलायला लागला. रात्रीची बॅच सहा तास चालायची आणि सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेपर्यंत संपायची नाही. प्रत्येक क्लेमसाठी पॉलिसीची माहिती आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी जायची आणि प्रत्येक रेकॉर्डनंतर कमिट व्हायचा. मध्येच बॅच पडली की पुन्हा पहिल्यापासून. त्याने हजार क्लेम्सचा गठ्ठा करून त्यांच्या पॉलिसी एका क्वेरीत आणल्या, कमिट गठ्ठ्यामागे एकदा केला आणि कुठवर काम झालं याची नोंद ठेवली, म्हणजे बॅच पडली तर तिथूनच पुढे सुरू होईल. मग दोन आठवडे जुनी आणि नवी बॅच शेजारी शेजारी चालवून दोन्हींच्या रकमा ताडून पाहिल्या. वेळ तासाच्या आत आला.

यात क्लायंटचं गुपित कुठे आहे? अडचण ओळखणं, गठ्ठ्याचा आकार ठरवणं, रकमा ताडून बघायचा आग्रह धरणं, हे सगळं त्याचं स्वतःचं. म्हणून मी मुलांना सांगते, नामं झाका, क्रियापदं झाकू नका. आणि 'आम्ही केलं' म्हणू नका. टीम बाराजणांची असली तरी तुमच्या हातून काय झालं ते 'मी'ने सांगा.

पण त्याच मुलाने बोलण्याच्या भरात एक चूक केली. कंपनी अमेरिकेतल्या कुठल्या राज्यातली आणि तिने नुकतीच कोणाला विकत घेतली, हे तो सांगून गेला. नाव घेतलं नाही, पण मला ते शोधायला अर्धा मिनिटही लागला नसता. क्षेत्र, प्रदेश, आकार आणि अलीकडची घटना यांतला एकेक तपशील निरुपद्रवी असतो, पण तीन एकत्र आले की नाव उघडं पडतं. क्षेत्र ठेवा, हवं तर 'उत्तर अमेरिका' म्हणा आणि थांबा.

आकड्यांचंही तसंच. रोज नेमके किती क्लेम्स येतात हा क्लायंटच्या धंद्याचा आकडा आहे, तो 'लाखांच्या घरात' एवढाच सांगावा. सहा तासांचा एक तास झाला, ही तुमच्या कामाची मोजणी आहे. तरी शंका असली तर 'वेळ सहापटीने कमी झाला' म्हणा. प्रोजेक्टचं अंतर्गत नावही रेझ्युमेत नको. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही आणि गुप्ततेचा भंग मात्र होतो. त्याऐवजी ती सिस्टीम काय करते ते लिहा.

रेझ्युमे तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण आशय असा असू द्या: 'विमा क्षेत्रातल्या क्लायंटची रात्रीची क्लेम बॅच सहा तासांवरून तासाच्या आत आणली. प्रत्येक रेकॉर्डची वेगळी क्वेरी काढून टाकून गठ्ठ्याने प्रक्रिया केली, बॅच मध्येच पडल्यास तिथूनच सुरू होण्याची सोय केली.' यावर पाच प्रश्न विचारता येतात आणि पाचही तुमच्या घरच्या मैदानावरचे.

काही गोष्टी मात्र कुठल्याच रूपात बोलायच्या नाहीत. सुरक्षेतली भोकं, बाजारात न आलेलं उत्पादन, दर, कोड, स्क्रीनशॉट. क्लायंटचं नाव आणि त्याच्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरची जुनी व्हर्जन एकाच ओळीत लिहिणारे रेझ्युमे मी पाहिलेत. हल्लेखोराचं निम्मं काम तिथेच होतं. इंटरव्ह्यूत आकृती काढायला सांगितली तर खरी आठवून काढू नका. 'क्लेम येतो', 'तपासला जातो', 'पैसे जातात' अशा साध्या चौकटी काढा आणि तसं सांगूनही टाका. त्यावर कोणी नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही. उलट क्लायंटचं सगळं भडाभडा बोलणारा माणूस उद्या आमचंही बोलेल, अशी धास्ती वाटते.

सही केलेला करार एकदा बाहेर काढून 'गोपनीय माहिती'ची व्याख्या आणि मुदत वाचा. काही करारांत क्लायंटशी असलेलं नातंच गोपनीय असतं. कंपनीच्या वेबसाइटवर क्लायंटचं नाव दिसत असलं, तरी तुम्ही ते वापरू शकता का, हे मॅनेजरला ईमेलवर विचारा, तोंडी नको.

आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीतल्या मित्राला चहावर सगळं सांगून बघा. त्याने क्लायंट ओळखला तर एक तपशील काढा. त्याला पुढे काही विचारावंसंच वाटलं नाही, तर तुम्ही स्वतः काय केलंत ते अजून सांगायचं राहिलंय.