साइट आडवी केल्यानंतरचं पत्रलेखन

तुमच्या स्क्रिप्टने रात्रभर कुणाची तरी वेबसाइट झोडपली, सकाळी तुमचा आयपी ब्लॉक झाला आणि आता अ‍ॅडमिनची माफी मागायची आहे? काळजी नको. जुन्या मासिकांच्या सूचीची एक छोटी साइट मी फावल्या वेळात चालवतो, तिथे परवाच एक आदर्श माफीपत्र आलं. त्यावरून शिका.

विषयात ‘अर्जंट’ लिहा. घाई तुम्हाला आहे, हे आम्हाला कळायला नको का?

आयपी पत्ता आणि वेळ अजिबात कळवू नका. ‘काल रात्री दोनच्या सुमारास’ एवढं पुरे. सर्व्हरचा लॉग यूटीसीत असतो, म्हणजे तुमचे दोन हे आमच्याकडे आदल्या तारखेचे 20:30. शोधत बसू, आम्हाला काय काम!

युजर-एजंट `python-requests` असाच राहू द्या. त्यात स्वतःचा मेल पत्ता घातला, तर ब्लॉक करण्याआधी कुणी तुम्हाला विचारेल ना.

आता मुख्य भाग, दुरुस्ती. ‘आम्ही स्लीप टाकला आहे’ असं ठणकावून सांगा आणि पुरावा जोडा. मला आलेला हा:

```python
while True:
    r = requests.get(url)
    if r.status_code == 200:
        break
    time.sleep(1)
```

वा! पान मिळालं की एक क्षणही न थांबता पुढच्या पानावर उडी. झोप फक्त नकार मिळाल्यावर. तीही प्रत्येक थ्रेडची वेगळी, आणि थ्रेड चाळीस. म्हणजे सगळ्यांना नकार मिळाला, तरी सेकंदाला चाळीसेक रिक्वेस्ट आहेतच. माझा सर्व्हर 429 देऊन सांगत होता की फार झालं, थांबा. सोबत `Retry-After: 600`, म्हणजे दहा मिनिटं. ते वाचतंय कोण? काढून टाकलेल्या पानाला 404 मिळतो; तो 200 नाही, म्हणून पुन्हा विचार. ते पान आता जन्मात येणार नाही, पण हा दर सेकंदाला दार वाजवणार! मी ब्लॉक केलं तर 403. तोही 200 नाही. म्हणून इकडे मी तुमची ‘क्षमस्व’वाली मेल वाचतोय आणि तिकडे लॉगमध्ये 403 ची रांग सरकतेच आहे!

अहो, आधी ती स्क्रिप्ट बंद करा की! मग लिहा: हा आमचा आयपी, या वेळेपासून या वेळेपर्यंत, इतक्या वाजता बंद केली. आता एकच थ्रेड आहे, प्रत्येक पानानंतर थांबतो, यश येवो की न येवो. 429 आला तर सांगितलं तेवढं थांबतो. 404 आणि 403 ला पुन्हा विचारत नाही. पाच प्रयत्नांनंतर सोडून देतो. झालं, पाच ओळींचं काम आहे. तुमची दोन परिच्छेदांची दिलगिरी घेऊन मी काय करू? त्या रात्री ज्यांना साइट उघडली नाही, त्यांना वाचून दाखवू?

आणि अख्खी सूचीच हवी होती, तर मागायची होती. एका झिप फाइलमध्ये पाठवली असती.