बापूंच्या घरी एल की सरळ?

सांगलीच्या गावभागात गणपती मंदिरापासून जवळच आमचा संध्याकाळचा कट्टा भरतो, आणि भडंगाचा कागद मधोमध उघडला गेला की कोणताही विषय निघू शकतो. गेल्या आठवड्यात बापूंनी सोफ्याचा विषय काढला. त्यांच्या तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीतला जुना सोफा मोडकळीस आला असून मुलाला नवा एल आकाराचा कोपऱ्यातला सोफा हवा आहे, तर बापूंच्या मते सरळ तीन जणांचा सोफा आणि दोन खुर्च्या हेच बरे.

भाऊंनी लगेच मुलाची बाजू घेतली. एल सोफ्यावर सहा माणसे बसतात, दुकानदारही तसेच सांगतो, आणि शिवाय कोपरा वाया जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर मास्तरांनी, म्हणजे आमच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी, भडंगाच्या कागदाची कोरी कड फाडून घेतली आणि बापूंना मापे विचारली. खोली 15 फूट बाय 11 फूट, आणि पसंत पडलेला सोफा एका बाजूला 9 फूट व दुसऱ्या बाजूला 6 फूट, पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत 3 फूट.

मास्तरांचा हिशेब सोपा होता. मोकळेपणाने बसायला एका माणसाला साधारण 22 ते 24 इंच रुंदी लागते. कोपऱ्याचा चौकोन 36 इंचांचा. तो वगळला की लांब बाजूचे 72 इंच उरतात आणि त्यातून सोफ्याच्या हाताचे 6 इंच गेले की 66, म्हणजे तीन माणसे. आखूड बाजूला 36 इंच उरतात, हाताचे 6 गेले की 30, म्हणजे एकच माणूस. कोपऱ्यात आणखी एक. सगळे मिळून पाच, आणि त्यातही कोपऱ्यातला माणूस बसला की शेजारच्या दोघांचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना लागतात, म्हणून पाहुणे तिथे आपण होऊन बसत नाहीत. सरळ सोफा 7 फुटांचा घेतला, तर दोन्ही हात वजा जाता 72 इंच, म्हणजे तीन माणसे, आणि दोन खुर्च्यांवर दोन, एकूण पाचच. जमिनीवरही फार फरक पडत नाही. एल 36 चौरस फूट जागा घेतो, आणि अडीच फुटी खुर्च्या धरल्या तर दुसरा पर्याय साडेतेहतीस. भाऊ गप्प झाले, पण हार मानली नाही. एलवर पाय लांब करून टीव्ही पाहता येतो आणि रात्रीचा पाहुणा आडवा होऊ शकतो, हे त्यांचे म्हणणे मात्र खरे होते. सरळ सोफ्याच्या दोन हातांमधल्या 6 फुटांत उंच माणसाचे पाय वरच राहतात.

इतका वेळ न बोललेले मिस्त्री, जे स्वतः सोफे बनवतात, आता बोलले. त्यांनी सांगितले की दुकानात 'एल' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत दोन्ही बाजूंना पाठ असते, तर दुसरीत एका टोकाला पाय लांब करायची बैठक असते, तिला लाउंजर म्हणतात, आणि तिच्यावर पाठ टेकून एकच माणूस नीट बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डावा आणि उजवा हा घोळ. एखादा दुकानदार सोफ्यासमोर उभे राहून डावे म्हणतो, तर दुसरा सोफ्यावर बसून. त्यामुळे ऑर्डर देताना शब्दावर विसंबू नये, खोलीचा नकाशा काढून त्यावर एल रेखाटूनच द्यावा, कारण उलटा आलेला एल फिरवून बसवता येत नाही. बापूंनी विचारले, "मिस्त्री, तुम्ही स्वतःच्या घरी काय ठेवले आहे?" मिस्त्री म्हणाले, "सरळच. बसण्याच्या गाद्या सारख्या मापाच्या असल्या, की दर दोन महिन्यांनी त्यांच्या जागा बदलता येतात आणि फोम सारखाच दबतो. एलची कोपऱ्यातली गादी दुसरीकडे बसत नाही."

पण खरा निकाल कट्ट्यावर लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बापूंच्या घरी गेलो आणि जुना सोफा बाजूला ओढून रद्दीचे कागद चिकटपट्टीने जोडून सोफ्याच्या मापाचा एल जमिनीवर पसरला. कोपरा निवडायला वाव नव्हता. एका बाजूला मुख्य दार, त्यामुळे उरला तो गॅलरीकडचा. त्या भिंतीत कोपऱ्यापासून 5 फुटांवर गॅलरीचे दार सुरू होते, आणि एलची बाजू 6 फुटांची. कागदाची फुटभर कड दाराच्या तोंडाशी आली. तेवढ्यात बापूंच्या आई धुण्याची बादली घेऊन आल्या. त्यांनी कागदाकडे पाहिले, बादली खाली ठेवली, उजवा हात दाराच्या चौकटीला धरला आणि कागदावरून पाऊल टाकायचे सोडून वळसा घेऊन उरलेल्या दारातून अंग तिरके करून निघाल्या. बादली मात्र आतच राहिली. भाऊंनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि एलचा विषय पुन्हा काढला नाही.

मग आम्ही कागद उचलून 7 फुटी पट्टी भिंतीच्या मधोमध मांडली. कोपऱ्यात एका खुर्चीला आणि छोट्या टेबलाला जागा झाली, दुसरी खुर्ची मुख्य दाराच्या बाजूच्या भिंतीला लागली, आणि सोफा व टीपॉय यांत दीड फूट ठेवूनही टीव्हीसमोरून जायची वाट मोकळी राहिली. आईंच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट होती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, आणि एलच्या मधल्या जागेवर रेटा द्यायला काहीच नसते. खुर्चीला दोन्ही बाजूंना हात असतात.

बापूंनी त्यात आपल्याकडचीच एक भर घातली. ऑगस्ट 2019 च्या पुरात त्यांचा जुना सोफा खालीच राहिला, कारण तो जिन्याच्या वळणावर अडकला आणि पाणी वाट पाहायला तयार नव्हते. भिजलेला फोम उन्हात वाळला तरी त्याचा वास गेला नाही, आणि आतला प्लायवूड पापुद्रे सुटून फुगला. एल दोन तुकड्यांत सुटतो हे मिस्त्रींनी मान्य केले, पण लांब तुकडा वळणावर फिरत नसेल तर सुटण्याचा उपयोग नाही. बापूंच्या जिन्याचे वळण मोजले, सव्वातीन फूट भरले. खुर्ची मात्र एकटा माणूस डोक्यावर घेऊन वर नेऊ शकतो.

राहिला प्रश्न उंचीचा. मिस्त्रींनी आईंना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवले, खाली घडी केलेली चादर ठेवून पाहिली, काढून पाहिली, आणि त्या विनासायास उठल्या ती उंची 18 इंच निघाली. फोम बसल्यावर दीड-दोन इंच दबतो, म्हणून त्यांनी वहीत आईंच्या खुर्चीपुढे साडेएकोणीस लिहिले. दुसरी खुर्ची आणि सोफा नेहमीच्या 17 इंचांचाच राहील. मुलाने लाउंजरऐवजी पाय ठेवायला एक मोढा मागितला आहे, आणि तो नेमका कुठे ठेवायचा यावर आता कट्ट्यावर वाद चालू आहे.