दादा गेले हे सिद्ध करताना

कायम नोकरीतला माणूस राजीनामा देतो तेव्हा एचआरच्या सिस्टिममध्ये त्याची शेवटची तारीख पडते आणि तिच्या धक्क्याने पुढची चक्रं आपोआप फिरतात. मेल बंद होतो, बॅज मरतो, केक येतो. कंत्राटी माणूस मात्र एचआरच्या लेखी जन्मलेलाच नसतो. त्याची नोंद असते परचेसवाल्यांच्या एक्सेलमध्ये, एका पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, नंबरसमोर, बहुधा प्रिंटरच्या टोनरच्या खालच्या ओळीत. त्यामुळे तो जातो तेव्हा एकही चक्र हलत नाही. ते हाताने फिरवावं लागतं, आणि आमच्या टीममध्ये तो हात माझा होता.

जाणारे होते आमचे दादा. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात सहा महिन्यांपुरते म्हणून आले होते. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळत गेली, आणि त्यांना घेणारा मॅनेजर, त्याच्या जागी आलेला मॅनेजर आणि कॉफीचं मशीन हे तिन्ही त्यांच्यादेखत बदलून गेले. अशा माणसाच्या नावावर काय काय असतं हे तो निघेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं. त्यालाही नसतं.

मी शीट केली. काय काढायचं, कोणाकडे, केव्हापर्यंत, आणि शेवटचा रकाना: पुरावा. पहिले तीन रकाने लोकांनी आनंदाने भरले. चौथ्यावरून भांडणं झाली. "मॅडम, झालंय म्हणून सांगतोय ना," हेल्पडेस्कचा मुलगा दुखावल्या आवाजात म्हणाला. मी म्हटलं, अरे, तुझ्यावर विश्वास आहे, पण स्क्रीनशॉट टाक. त्यानंतर तो माझ्याशी फक्त तिकिटातून बोलू लागला.

आधी केटी, म्हणजे जाणाऱ्याने आपलं काम मागे राहणाऱ्यांना शिकवून जाणं. खरं तर सगळ्यांच्या शेवटी काढायचा तो ॲक्सेस, कारण दादांना सिस्टिममध्ये शिरताच येत नसेल तर ते शिकवणार काय? पण पीओची मुदत बुधवारी संपत होती आणि दादांचा शेवटचा दिवस शुक्रवार ठरला होता. परचेसने सिक्युरिटीला पीओची तारीख कळवली. सिक्युरिटीच्या साऱ्या आयुष्यात वेळेवर झालेलं ते एकमेव काम असावं. गुरुवारी सकाळी दादा पडद्यावर "आणि हे अजिबात करायचं नाही, कारण" इथपर्यंत आले आणि व्हीपीएन गेला. ते कारण परत मिळवायला अर्धा दिवस आणि तीन लोकांची मंजुरी लागली. तेव्हापासून माझ्या शीटवर तारीख एकच असते, ती व्हेंडर, परचेस आणि सिक्युरिटी तिघांकडून लेखी घेतलेली असते, आणि तिच्यापुढे वेळही असते.

केटी म्हणजे साधारणपणे दोन तासांचं रेकॉर्डिंग. जाणारा बोलतो, घेणारे कॅमेरा बंद करून "येस, क्लिअर" म्हणतात, आणि ते रेकॉर्डिंग पुढे एकदाच उघडलं जातं, आग लागल्यावर. आम्ही उलटी केटी केली. काम नवीन मुलगी करणार, दादा नुसते बघणार. कीबोर्डला हात लावायचा नाही. दादांना हे इतकं जड गेलं की ते हात मांडीखाली घेऊन बसायचे.

काम होतं रोजचं सेटलमेंट जुळवायचं. पेमेंट गेटवेकडून फाइल येते, ती आपल्या हिशेबाशी ताडायची, फरक निघेल तो अकाउंट्सला पाठवायचा. दादांच्या दस्तऐवजात तिसरी पायरी होती: "फाइल आली का बघावे." पोरीने विचारलं, कुठे बघायचं? दादा म्हणाले, "कळतंच की." मग न येणारी फाइल आणि उशिरा येणारी फाइल यांतला फरक कसा ओळखायचा, हा प्रश्न आला. दादा छताकडे बघत म्हणाले, "दुसरा शनिवार आहे का ते बघायचं."

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. सप्टेंबर 2015पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. आमच्याकडे त्या दिवशी फाइल येत नाही आणि सोमवारी सगळ्या दिवसांची मिळून एक जाडजूड फाइल येते. दादांच्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक अट होती आणि तिच्यावर शेरा होता, "इथे हात लावू नये." बाकीच्या शनिवारी फाइल आली नाही तर मात्र खरोखर बोंबलायचं. म्हणजे तेच लक्षण एका आठवड्यात सुट्टी आणि दुसऱ्या आठवड्यात अपघात. दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे निघालंच नसतं, कारण दादांना ते माहीत आहे हे दादांनाच माहीत नव्हतं. शीटमध्ये केटीपुढे पुरावा म्हणून रेकॉर्डिंगची लिंक मी चालू दिली नाही. दुसऱ्या शनिवारनंतरच्या सोमवारची जुनी फाइल त्या मुलीला दिली. तिने ती एकटीने जुळवली, दादा शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत (दोनदा खोकले, ते मी मोजलं नाही), तेव्हा ओळ हिरवी केली.

मग तिकिटं. शोधायला सोपी असतात:

```
assignee = "dada" AND resolution = Unresolved ORDER BY updated ASC
```

सगळ्यात जुनी वर येतात, आणि वाचताना डोळे पाणावतात. "लॉगिनचं बटण थोडं डावीकडे घेणे." ते बटण ज्या पानावर होतं ते पानच आता नाही. अशी तिकिटं कारण लिहून बंद करायची, पुढे ढकलायची नाहीत. उरलेली वाटायला घेतली. कार्य आटोपल्यावर उरलेला मसालेभात वाटायला निघावं आणि प्रत्येकाने "अहो, आमच्याकडेही आहेच" म्हणावं, तसं झालं. एकाने तर तिकीट घेतलं आणि पाचच मिनिटांत दुसऱ्याच्या नावावर केलं. त्याने तिसऱ्याच्या. संध्याकाळी ते फिरून दादांकडे आलं. दादा भला माणूस, "असू दे, मी करतो" म्हणाले.

एका क्लिकवर सगळी तिकिटं एकाच्या नावावर टाकता येतात, आणि आमच्या मॅनेजरला तोच मार्ग आवडत होता. पण तेवढ्याने आकडा शून्य होतो, काम तिथेच राहतं. मी नियम केला: प्रत्येक तिकिटावर दादांनी तीन ओळी लिहायच्या, कुठवर आलंय, कशावर अडलंय, कोणाला विचारायचं. आणि घेणाऱ्याने त्याखाली आपल्या हाताने पुढची तारीख टाकायची. तारीख पडली नाही तोवर तिकीट दिलं असं धरायचं नाही. शिवाय एक गंमत राहतेच. पेमेंट्स या भागाचे प्रमुख म्हणून दादांचं नाव लागलेलं होतं, त्यामुळे त्या भागात येणारं प्रत्येक नवं तिकीट आपोआप त्यांच्याच नावावर पडत होतं. आम्ही बादलीने पाणी उपसत होतो आणि नळ चालू होता. ते नाव बदललं तेव्हा कुठे यादी खाली जायला लागली.

आता ॲक्सेस. कंपनीचं मुख्य लॉगिन बंद केलं की सगळं बंद होतं, अशी एक गोड समजूत आहे. पासवर्डने उघडणारी दारं बंद होतात. पण कोड आणायला माणसाने स्वतःसाठी काढून ठेवलेली टोकनं, सर्व्हरवर ठेवलेल्या एसएसएच किल्ल्या, आणि अख्ख्या टीमला पाठ असलेले दोन-तीन सामायिक पासवर्ड यांना त्या लॉगिनचं सोयरसुतक असेलच असं नाही. टोकनं एकेक करून रद्द करायची असतात, आणि सामायिक पासवर्ड बदलायचे असतात. पासवर्ड बदलल्यावर जो माणूस सगळ्यात आधी ओरडतो तोच तो पासवर्ड कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये लिहून बसलेला असतो, हा त्यातला फुकटचा फायदा.

सर्व्हरवर सिस्टिम ॲडमिनने दादांचं खातं `usermod -L` करून लॉक केलं आणि शीटवर टिक मारली. पुरावा मागितला तर कमांडच दाखवली. पण त्या कमांडने फक्त पासवर्डला कुलूप लागतं. किल्ली घेऊन येणारा माणूस खुशाल आत येतो. खातं खरोखर बंद करायचं तर त्याची मुदतही संपवावी लागते:

```
sudo crontab -l -u dada
sudo usermod -L -e 1 dada
sudo chage -l dada
```

पहिली ओळ पहिलीच ठेवायची. दादांच्या नावाने रात्री दोनला काय काय चालतं ते तिने कळतं. आमच्याकडे सेटलमेंटची ती जाडजूड फाइल उचलणारं कामच दादांच्या खाजगी खात्यातून चालत होतं. मुदत संपलेल्या खात्याची अशी कामं लिनक्स मुकाट्याने थांबवतो. लॉगमध्ये एक ओळ पडते, आणि तो लॉग वाचणारा माणूस म्हणजे दादा. ते काम आधी एका सर्व्हिस खात्यावर हलवलं, एक रात्र चालू दिलं, सकाळी फाइल पाहिली, मगच कुलूप लावलं. तिसऱ्या ओळीचं उत्तर शीटमध्ये चिकटवलं. त्यात खात्याची मुदत 2 जानेवारी 1970 रोजी संपल्याचं दिसतं, कारण लिनक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1970पासून दिवस मोजतं आणि आपण त्याला एक म्हणून सांगितलं. दादांचा जन्म त्यानंतरचा. ऑडिटवाल्या बाईंना हे समजावताना माझी जी दमछाक झाली ती निराळीच.

तरीही `deploy` नावाचं एक सामायिक खातं उरलं. त्याच्या `authorized_keys` मध्ये ओळीने किल्ल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी मालकाने लिहिलेलं नाव. हे नाव कोणी काहीही लिहू शकतं. एकीवर "office-laptop", एकीवर "new", एकीवर "new-final". दादांना विचारलं. ते म्हणाले, "फायनल माझी नसावी, मी फायनल कधी लिहीत नाही." हा पुरावा मी नाकारला. `ssh-keygen -lf` चालवलं की फाइलमधल्या प्रत्येक किल्लीचा ठसा मिळतो, आणि कोण आत आलं याच्या लॉगमध्येही तोच ठसा उमटलेला असतो. दोन्ही समोरासमोर ठेवले. "new" दादांची निघाली. "new-final" तीन वर्षांपूर्वी गेलेल्या, आज कोणालाच न आठवणाऱ्या एका कंत्राटी गृहस्थांची. त्यांच्यासाठी कोणी शीट केली नव्हती. त्यांचीही काढली.

शुक्रवारी संध्याकाळी दादांनी लॅपटॉप दिला, सगळ्यांना बाकरवडी वाटली आणि गेले. सोमवारी शीटवरची शेवटची ओळ हिरवी झाली, आणि अर्ध्या तासात व्हेंडरचा मेल आला: दादांच्या जागी नवीन माणूस येतोय, तयारी ठेवा. मॅनेजरने ताबडतोब ॲक्सेसचा फॉर्म भरला. त्यात एक चौकोन असतो, कोणासारखा ॲक्सेस हवा. त्याने लिहिलं, दादांसारखा. हेल्पडेस्कच्या त्या मुलाने फॉर्म परत पाठवला, शेरा मारून: "असा युजर अस्तित्वात नाही." सोबत, मी न मागता, स्क्रीनशॉट जोडला होता.