शंभर तासांचा गेम आणि आठवड्याचे चार तास

परवा दुकानात एक गिऱ्हाईक आले. जुनेच, मधे दोनेक वर्षं दिसले नव्हते. मधल्या काळात लग्न, मुलगी, ठाण्याहून अंधेरीला रोजचं जाणं-येणं. काउंटरवर हात टेकून म्हणाले, "दादा, चांगला मोठा ओपन वर्ल्ड गेम द्या. वर्षभर पुरला पाहिजे. एकदाच काय ते पैसे घालतो."

मी विचारलं, खेळता कधी?

"शनिवार-रविवार. पोरगी झोपली की दहा ते बारा."

म्हणजे आठवड्याला चार तास, तेही धरले तर. दुकानात उभ्या-उभ्या सगळं सांगता आलं नाही, मागे दोन पोरं डिस्क बदलायला थांबली होती. म्हणून इथे सविस्तर लिहितो. असं विचारणारे तुम्ही एकटे नाही, महिन्यात चार-पाच जण तरी येतात.

आपल्याकडे गेमचा हिशोब तांदळासारखा करतात. इतके हजार भागिले इतके तास, जितका मोठा तितका पैसे वसूल. रोज तीन तास खेळणाऱ्या कॉलेजच्या पोराला तो हिशोब बरोबर आहे. तुम्हाला शंभर तासांचा गेम पंचवीस आठवडे लागणार, म्हणजे सहा महिने, तेही एकही शनिवार लग्न-बारशात गेला नाही तर. तुम्हीच मागे दिवाळीला असा एक नेला होता (नाव घेत नाही), तो पंधराव्या तासाला बंद पडला. कंटाळा आला म्हणून नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा लावला तेव्हा आपण कुठे चाललो होतो, तेच आठवेना. एकूण तास बाजूला ठेवा. एका बैठकीत काय पुरं होतं आणि खंड पडल्यावर गेम तुम्हाला पुन्हा आत घेतो का, एवढंच बघा.

तुम्ही रेड डेड रिडेम्प्शन २ चं नाव घेऊन आला होतात. माझ्या मते त्याच्या तोडीचा गेम अजून झालेला नाही. तरी तुम्हाला देणार नाही. त्याची सुरुवात बर्फात होते आणि तो बर्फच जवळजवळ दोन तास चालतो. म्हणजे तुमचा पहिला शनिवार घोड्याच्या पोटापर्यंतच्या बर्फातच संपला. पुढे प्रत्येक कामाला घोड्यावरून लांब रपेट. वाटेत माणसं बोलतात आणि ते बोलणंच गेमचा जीव आहे, ते गाळून चालत नाही. नकाशावरून थेट उडी मारायची तर आधी तळावर टोळीचा म्होरक्या डच याची राहण्याची सोय सुधारायची, मग स्वतःची, तेव्हा कुठे तो नकाशा मिळतो. मुख्य म्हणजे मिशन चालू असताना सेव्ह होत नाही. पावणेबाराला पोरगी उठली आणि गेम बंद केला, की ते मिशन पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, रेस्ट मोडमध्ये ठेवतो. ठेवा, गेम आहे तिथे थांबतो हे खरं. पण मध्यरात्री लाईट गेली तर थांबलेला गेमही गेला, वर मशीन सकाळी डिस्क तपासत बसतं. इन्व्हर्टरला प्लेस्टेशन जोडणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. ते टीव्हीला जोडतात, पंख्याला जोडतात.

तुम्हाला मी द विचर ३ देईन. २०१५ चा आहे, पण २०२२ च्या डिसेंबरात त्याची पीएस५ ची आवृत्ती आली. पीएस४ ची जुनी डिस्क असली तरी ती आवृत्ती फुकट उतरवता येते, फक्त खेळताना डिस्क आत लागते. डाउनलोड मोठं आहे, शुक्रवारी रात्रीच लावून झोपा. नाहीतर शनिवार टक्के मोजण्यात जाईल.

हाही मोठाच आहे. नुसती मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास. मग हा का? कारण त्याच्या पोटात छोट्या, सुट्या गोष्टी आहेत. गावागावात फळा असतो, त्यावर कामाच्या चिठ्ठ्या. व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच भागातली एक सांगतो. उजाड पडलेल्या वस्तीत एक विहीर आहे आणि भर दुपारी तिथे बाईचं भूत दिसतं. आपल्याकडच्या विहिरीवरच्या हडळीची गोष्टच म्हणा ना. गावातल्या माणसाशी बोलायचं, पैसे ठरवायचे, जागेवर जाऊन खुणा शोधायच्या, विहिरीत बुडी मारून तिचं कडं वर आणायचं, तिच्या अवशेषांबरोबर जाळायचं. मग ती येते. तलवारीला भुतांचं तेल आधी लावून ठेवा आणि जमिनीवर यर्डेन नावाच्या जादूचं वर्तुळ टाका, त्यात ती सापडली की वार बसतात. परत जाऊन पैसे घ्यायचे. झाली गोष्ट. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

तुमची बैठक अशी बसवा. पहिली दहा मिनिटं हात सरावायला, रानातली दोन-चार कुत्री मारा, बटणं बोटांना आपोआप आठवतात. मग मुख्य कथेचा एक तुकडा किंवा फळ्यावरचं एक काम, दोन्ही नाही. साडेअकरानंतर नवीन काही उघडायचं नाही. लढाई आणि संवाद सोडले तर इथे कुठेही हाताने सेव्ह होतं, म्हणून पोरगी उठली तरी फार तर दोन मिनिटं वाया जातात.

आणि खंड पडला तर? सेव्ह उघडताना तो स्वतःच आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो, मालिकेच्या सुरुवातीला 'मागील भागात' दाखवतात तसं. तेवढ्याने भागलं नाही तर नोंदवहीत प्रत्येक कामाची आणि प्रत्येक माणसाची हकिकत लिहिलेली असते. आळस न करता ती वाचा.

आता खोट सांगतो, नाहीतर पुन्हा डिस्क घेऊन याल आणि मला दोष द्याल. नोव्हिग्राड शहरात गोष्ट रेंगाळते. याला शोध, त्याने त्याच्याकडे पाठवलं, नावंच नावं. सोडून देणारे बहुतेक तिथेच सोडतात. तिथे पोचलात की बाजूची कामं बंद ठेवा आणि सरळ मुख्य कथा रेटा. दुसरं, स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर प्रश्नचिन्हांचा खच आहे. बहुतेक ठिकाणी तस्करांची तरंगती पिंपं, एकसारखी. नव्या आवृत्तीत ही चिन्हं नकाशावर मुळात लपवलेलीच असतात, ती चालू करू नका. एकाने ती सगळी गोळा केली होती, मला अभिमानाने सांगत होता. त्याला मी चहा पाजला, अजून काय करणार.

अवघडपणा सगळ्यात खाली ठेवायला लाजू नका. एकाच राक्षसाकडून सहा वेळा मरायला तुमच्याकडे वेळ नाही.

एवढंही नको असेल तर घोस्ट ऑफ त्सुशिमा आहे. मुख्य कथा पंचवीस तासांच्या आसपास, वाट दाखवायला वारा, बाजूच्या कथा आटोपशीर. तुमच्या वेळात तो दीड-दोन महिन्यांत संपेल. दुकानात हे म्हणालो तर तुम्ही तोंड वाकडं केलंत, "लहान आहे" म्हणून. शेवटचा गेम संपवला कधी, असं मी विचारल्यावर मात्र हसलात.

विचरची एक डिस्क तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. जुनी आहे, मागे एक बारीक ओरखडा आहे, पण मी स्वतः लावून बघितली, चालते. शनिवारी दुकान नऊला बंद होतं, त्याआधी या.