नोकरीत राहून दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी, आपल्या तालुक्याच्या हिशोबाने

परवा एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "नोकरीवर असताना दुसरीकडे अर्ज करणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं." मला ते पटलं नाही. कंपनी माणूस कमी करते तेव्हा महिनाभर आधी चौकात दवंडी पिटत नाही. मग माणसानेच का सांगत फिरायचं? शोध गुपचूप घेण्यात मला तरी काही गैर वाटत नाही. पण आपल्याकडची पोरं तो गुपचूप घेत नाहीत, नुसतं गुपचूप घेतोय असं समजतात. मी मायक्रोफायनान्समध्ये एचआरला आहे. यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या शाखांची भरती बघते. त्यामुळे बातमी कुठून फुटते ते रोज डोळ्यासमोर दिसतं.

सगळ्यात मोठा गैरसमज पोर्टलच्या कुलपाचा आहे. नोकरीवर (Naukri.com म्हणतेय मी) सेटिंग्जमध्ये Block Companies असा पर्याय असतो. तिथे आपल्या कंपनीचं नाव टाकलं की तिच्या खात्यातून आपली प्रोफाइल दिसत नाही. पोरं नाव टाकतात आणि निर्धास्त होतात. पण ते कुलूप लागतं फक्त त्या नावाच्या खात्याला. आमच्या धंद्यात एकाच घराच्या दोन-दोन, तीन-तीन कंपन्या असतात. कर्ज बँकेच्या नावावर, वसुलीला माणसं दुसऱ्या कंपनीची, आणि त्यांच्यावर मालक कंपनी तिसरीच. पगाराच्या स्लिपवर एक नाव, टॅबच्या ॲपवर दुसरं. ती सगळी नावं एकेक करून टाकावी लागतात.

तरीही मोठं भोक उरतंच, ते म्हणजे कन्सल्टन्सी. आम्ही भरती स्वतः थोडी करतो, बरीचशी नागपूर-अमरावतीच्या कन्सल्टन्सीवाल्यांकडून करून घेतो. त्यांचं पोर्टलवर स्वतःचं खातं असतं आणि ते कोणासाठी माणूस शोधताहेत हे तुमच्या ब्लॉक यादीला कळत नाही. ते "क्रेडिट ऑफिसर, यवतमाळ" असं शोधतात, दहा-बारा सीव्ही उतरवतात आणि मला मेल करतात. त्या दहा-बारांत आमच्याच शाखेचा माणूस असणं नवलाचं नाही. मी असा सीव्ही बाजूला ठेवते आणि कोणाला सांगत नाही. पण सगळे एचआर तसे नसतात. नवी पोरगी असली की एरिया मॅनेजरला पाठवून मोकळी होते, "सर, तुमच्या माहितीसाठी." पुढे कोणी काढून टाकत नाही हो. बढतीच्या यादीतून नाव गळतं, नाहीतर बदली अशा शाखेत होते जिथून घरी यायला अख्खा रविवार जातो.

यावर तोडगा अर्धाच आहे. पोर्टलवर चढवलेल्या सीव्हीत सध्याच्या कंपनीचं नाव न लिहिता "नामांकित मायक्रोफायनान्स कंपनी" एवढंच लिहा, खरं नाव फोनवर बोलणं पुढे सरकल्यावर सांगा. याने फोन थोडे कमी येतात, तेवढं सोसायचं. कन्सल्टन्सीचा फोन आला की पहिला प्रश्न एकच: "कोणत्या कंपनीसाठी?" सांगत नसेल तर सीव्ही पाठवायचा नाही. सांगितलंच तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या की मला विचारल्याशिवाय दुसरीकडे पाठवणार नाही. पाळतीलच असं नाही, पण लिहून दिलेला माणूस जरा तरी बिचकतो. आणि जिथे जायचं नक्की मनात आहे, तिथे थेट त्या कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज करा. मधला माणूसच नको.

लिंक्डइनवर आपल्याकडचे शाखेतले लोक कमी, एरिया मॅनेजरच्या वरचे जास्त. म्हणजे धोका नेमका वरूनच. तिथे Open to work लावताना दोन पर्याय येतात, सगळ्यांना दिसेल असा आणि Recruiters only. पहिला निवडला की फोटोभोवती हिरवी पट्टी येते. ती लावून कोणी "मी कोणाला सांगितलं नाही" म्हणू नये. दुसरा निवडला तर लिंक्डइन तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न करतं, पण पूर्ण हमी देत नाही असं तिथेच लिहिलेलं असतं. कन्सल्टन्सीचं भोक इथेही आहेच. दुसऱ्यांच्या प्रोफाइल बघायच्या आधी Private mode चालू करा, नाहीतर ज्या एचआरची प्रोफाइल रात्री बघितली तिला सकाळी तुमचं नाव दिसतं. आणि तीन वर्षं हात न लावलेली प्रोफाइल एका रात्रीत चकाचक करू नका, महिनाभरात थोडी थोडी भरा.

हे झालं पोर्टलचं. आपल्याकडे खरी बातमी फुटते ती फोन नंबरातून आणि झेरॉक्सच्या दुकानातून.

नंबर म्हणजे कंपनीचं सीयूजी सिम. शाखेत तोच नंबर रोज वापरात, म्हणून पोरं सीव्हीवर, पोर्टलवर तोच टाकतात. तो नंबर कंपनीचा आहे. नोकरी सोडली की सिम जमा होतं आणि पुढच्या माणसाला मिळतं, मग मुलाखतीचे फोन आणि पोर्टलचे ओटीपी त्याच्याकडे! स्वतःचा नंबर दिला तरी फोन शाखेच्या टेबलावर उताणा पडलेला असतो आणि ट्रूकॉलर स्क्रीनभर अमक्या बँकेचा एचआर म्हणून नाव दाखवतो. शेजारी बसलेल्या कॅशियरला वाचता येतं. फोन पालथा ठेवा. प्रोफाइलमध्ये, नाहीतर पहिल्याच बोलण्यात सांगून ठेवा की फोन संध्याकाळी सहानंतर करा.

झेरॉक्सचं तर विचारूच नका. तालुक्याच्या एका दुकानात माझं काम होतं, तिथल्या कॉम्प्युटरवर Downloads उघडलेलं होतं. सातबारे, जातीचे दाखले, आधार, आणि मधेमधे सीव्ही. प्रत्येकावर नाव, बहुतेकांवर फोटो. दुकानदार बापडा कशाला काही करेल, पण त्याच्याकडेच तुमच्या शाखेचे कर्जाचे कागद झेरॉक्सला येतात. शाखेचा माणूस रोज तिथे उभा असतो. व्हॉट्सॲप वेब उघडून प्रिंट काढली की लॉगआऊट करायचं राहतं ते वेगळंच. प्रिंट काढायचीच असेल तर दुसऱ्या गावात काढा, आणि फाइल पुसून, रिसायकल बिनही रिकामी करून निघा. खरं तर आता कोणी प्रिंट मागत नाही, पीडीएफ पुरते.

जॉबच्या व्हॉट्सॲप ग्रुपात तर शिरूच नका. तिथे तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि तुमच्या शाखेचा निदान एक जण त्यात असतोच. तोही लपूनच आलेला असतो, पण सांगताना तुमचंच नाव सांगेल.

आता वेळेचं. दिग्रसकडचा एक पोरगा माझ्याकडे सल्ल्याला आला होता. दुसऱ्या कंपनीतला, म्हणून मोकळेपणाने बोलता आलं. म्हणे, "ताई, सरले सांगून टाकू का? उद्या कळलं तं तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, ऑफर लेटर हातात येईस्तोवर कोणालाच नाही, मित्रालाही नाही.

त्याची नोटीस ६० दिवसांची होती. आमच्या कामात सकाळी सातपासून दुपारपर्यंत गावागावात सेंटर मीटिंगा, मग शाखेत पैसे जुळवणं. म्हणून मुलाखतीची वेळ मागितली दुपारी साडेतीननंतरची, व्हिडिओवर. महिन्याची २५ तारीख ते पुढची १ तारीख सोडून, कारण महिनाअखेरीला ज्याने सुट्टी मागितली त्याच्यावर सगळ्यांची नजर जाते. शेवटच्या फेरीला नागपूरला जायचंच होतं, तेव्हा पूर्ण दिवसाची रजा टाकली आणि कारण लिहिलं "घरगुती काम". आजोबांना मारू नका, अख्ख्या शाखेला आजोबा माहीत असतात. टॅब घरी ठेवला, कारण हजेरीच्या ॲपमध्ये लोकेशन जातं. रजेच्या दिवशी तुम्ही नागपुरात असणं गुन्हा नाही, पण उगाच प्रश्न कशाला.

शोध त्याने दिवाळीनंतर सुरू केला. कापूस विकून घरात पैसा आलेला असतो, हप्ते वेळेवर येतात, मॅनेजरचं डोकं शांत असतं आणि रजा मिळते. जून-जुलैत पेरणीला सगळ्यांचे हात अडकलेले, थकबाकी वाढलेली, तेव्हा एक दिवस गायब झालात तरी विचारपूस होते. ऑफर जानेवारीच्या मध्यात आली. राजीनामा त्याने लगेच नाही दिला. तिमाहीचा इन्सेंटिव्ह खात्यात पडायचा होता, आणि बऱ्याच कंपन्यांत नोटीसवर असलेल्याचा इन्सेंटिव्ह अडवतात. तो जमा झाल्यावर महिन्याच्या शेवटी मेल टाकला, म्हणजे ६० दिवस मार्चअखेरीपर्यंत गेले. हे महत्त्वाचं. मार्चच्या मध्यात वसुली सोडून जाणाऱ्याचं रिलीव्हिंग लेटर हमखास लटकतं. मार्च संपवून देणाऱ्यावर मॅनेजरही फार चिडत नाही.

पगाराचा पुरावा त्याने कंपनीच्या मेलवरून स्वतःला पाठवला नाही. कंपनीच्या मेलवरून बाहेर काय गेलं हे कंपनीला बघता येतं. एचआरच्या पोर्टलवरून एकाच दिवशी बारा महिन्यांच्या स्लिपा उतरवल्या तरी काही सॉफ्टवेअरमध्ये नोंद राहते. पगार झाला की दर महिन्याला एक स्लिप स्वतःच्या फोनवर उतरवायची सवय ठेवा. त्याशिवाय स्वतःच्या बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक हे दोन्ही कंपनीला न विचारता मिळतं.

नव्या कंपनीच्या फॉर्मवर सध्याच्या कंपनीकडे चौकशी करू का, असं विचारलेलं असतं. तिथे "राजीनाम्यानंतरच" असं लिहा आणि एचआरच्या मेलमध्येही लिहून घ्या. संदर्भासाठी आताच्या मॅनेजरचं नाव देऊ नका, आधीच्या नोकरीतला साहेब चालतो. नुसत्या फोनवरच्या होकारावर राजीनामा टाकणारे अजूनही भेटतात. ऑफर लेटरवर पगार, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख, तिन्ही दिसेपर्यंत थांबायचं.

आणि रुजू झाल्यावरही एक काम उरतं, ते कोणीच करत नाही. पोर्टलवरची प्रोफाइल तशीच चालू राहते आणि ब्लॉक यादीत जुन्या कंपनीचं नाव असतं, नव्या कंपनीचं नसतं. नव्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात कन्सल्टन्सीवाला तोच सीव्ही उचलतो आणि तुमच्या नव्या एचआरला पाठवून देतो.