डेस्क रिजेक्शननंतर दुसऱ्या जर्नलला लिहायचे पत्र

वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध अनेक वर्षे वाचत आल्यामुळे एक गोष्ट मला ठामपणे म्हणावीशी वाटते. संपादकाने निबंध समीक्षकांकडे न पाठवताच परत केला, म्हणजे ज्याला आपण डेस्क रिजेक्शन म्हणतो ते झाले, की दुसऱ्या जर्नलला पाठवताना बहुतेकजण कव्हर लेटरमध्ये फक्त जर्नलचे नाव बदलतात. उरलेले काहीजण दुसऱ्या टोकाला जाऊन अर्धे पत्र झाल्या प्रकाराच्या खुलाशात घालवतात. या दोन्हींत नव्या संपादकाच्या हाती काही लागत नाही, कारण त्याला त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची असते: हा निबंध माझ्या वाचकांसाठी आहे का, आणि दोन समीक्षकांचा वेळ मी यासाठी मागावा का?

आधी नकाराचे पत्र नीट वाचावे. ते चारपाच ओळींचे असते, पण त्यातली एखादी ओळ कामाची निघते. ‘आमच्या व्यापक वाचकवर्गाला यात मर्यादित रस असेल’ याचा अर्थ पत्ता चुकला, काम चुकले असे नाही. ‘नमुन्याची निवड पुरेशी स्पष्ट नाही’ असे लिहिले असेल तर मात्र पत्ता बदलून काही होणार नाही, कारण पुढचा संपादकही त्याच जागी अडखळणार आहे. पहिल्या प्रकारात पत्र आणि निबंधाची मांडणी बदलायची असते, तर दुसऱ्या प्रकारात आधी कार्यपद्धतीचे प्रकरण दुरुस्त करायचे आणि मगच पत्राकडे वळायचे. तिसराही प्रकार आहे. त्यात कारणच दिलेले नसते, फक्त ‘जागेअभावी’ किंवा ‘प्राधान्यक्रमानुसार’ असा ठरीव मजकूर असतो. त्यातून अर्थ काढत बसण्यात वेळ घालवू नये.

समजण्यासाठी एक कल्पित पण आमच्या विषयात सहज घडणारे उदाहरण घेतो. एका विद्यार्थिनीने मराठवाड्यातील काही गावांत ऊसतोड कामगारांमधील उच्च रक्तदाबाचा अभ्यास केला. गळीत हंगाम सुरू झाला की टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात आणि पाचसहा महिन्यांनी परततात. गावच्या आरोग्य केंद्रात या कामगारांची नोंद असते, तिथे त्यांना एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या मिळतात, आणि फडावर गेल्यावर ही साखळी तुटते. तिने हा निबंध एका आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण वैद्यकीय जर्नलला पाठवला आणि तो थोड्याच दिवसांत ‘मर्यादित रस’ या कारणाने परत आला. आता तो सार्वजनिक आरोग्याच्या एका भारतीय जर्नलला जायचा आहे.

तिच्या पहिल्या पत्राचा गाभा, पत्र अर्थातच इंग्रजीत असले तरी, साधारण असा होता: ‘उच्च रक्तदाब हे जगभरातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. भारतात स्थलांतरित कामगारांवर फारसे संशोधन झालेले नाही. आमच्या माहितीप्रमाणे हा अशा प्रकारचा पहिलाच अभ्यास आहे. आपल्या प्रतिष्ठित जर्नलमध्ये त्याचा विचार व्हावा, ही विनंती.’ यातले पहिले वाक्य संपादकाला ठाऊक आहे. दुसरे कोणत्याही निबंधाला चिकटवता येते. तिसरे धोक्याचे आहे, कारण एखादा जुना अभ्यास संपादकाला आठवला की पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा त्याचा विश्वास कमी होतो. चौथे वाक्य नुसता शिष्टाचार. म्हणजे या पत्रात निबंध कुठेच नाही. संपादक अशा वेळी सरळ सारांशाकडे वळतो, आणि सारांशही प्रादुर्भावाच्या टक्केवारीपासून सुरू होत असेल तर निकाल ठरल्यासारखाच असतो.

नव्या जर्नलचा वाचक जिल्हा आरोग्य अधिकारी आहे, कार्यक्रम राबवणारा आहे, समाजवैद्यकशास्त्राचा शिक्षक आहे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यात रुग्णाची शेवटची नोंद १४०/९० च्या खाली आहे का हे पाहतात, आणि जो त्या तिमाहीत आलाच नाही त्याची ‘भेट चुकली’ अशी वेगळी गणना होते. या वाचकाच्या दृष्टीने विद्यार्थिनीच्या आकडेवारीतला खरा प्रश्न किती जणांना रक्तदाब आहे हा नाही. ज्याची भेट चुकली असे गावचे रजिस्टर सांगते तो रुग्ण उपचार सोडून बसला आहे, की दुसऱ्या जिल्ह्यात ऊस तोडतो आहे आणि तिथे त्याला गोळ्या द्यायला कोणी नाही, हा खरा प्रश्न आहे. आकडे तेच राहतात, पण पत्राची पहिली दोन वाक्ये बदलतात.

मी तिला सुचवलेला मसुदा असा होता:

‘आदरणीय संपादक, सोबतचा निबंध ऊसतोड हंगामात स्थलांतर करणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमधील औषधोपचाराच्या खंडाविषयी आहे. गावच्या केंद्रात भेट चुकलेले म्हणून नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जण प्रत्यक्षात स्थलांतरित होते आणि त्या काळात त्यांना औषध मिळाले का, हे आम्ही तपासले आहे. भेट चुकल्याच्या नोंदींचा अर्थ कसा लावावा, याचा विचार करणाऱ्या आपल्या वाचकांना हे निष्कर्ष उपयोगी पडतील असे वाटते. अभ्यास एका जिल्ह्यातील असून औषध घेतल्याची माहिती रुग्णांनी स्वतः सांगितलेली आहे. हा निबंध यापूर्वी एका सर्वसाधारण वैद्यकीय जर्नलने विषयव्याप्तीच्या कारणावरून समीक्षेविना परत केला असून त्यानंतर आम्ही त्याची मांडणी कार्यक्रमाच्या अंगाने बदलली आहे. तो सध्या अन्यत्र विचाराधीन नाही आणि सर्व सहलेखकांनी ही आवृत्ती वाचून मान्य केली आहे.’

यात नकाराचा उल्लेख एका वाक्यात आला आहे. तो करावा की नाही, यावर आमच्या विभागातही मतभेद आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, शिफारशींत असे म्हटले आहे की निबंध आधी दुसरीकडे पाठवला असेल तर तिथल्या संपादकांचे आणि समीक्षकांचे अभिप्राय आपल्या उत्तरांसह सोबत जोडणे उपयुक्त ठरते. मात्र ही शिफारस अभिप्राय हाती असतील तेव्हा अर्थपूर्ण होते. डेस्क रिजेक्शनमध्ये जोडण्यासारखे सहसा काहीच नसते. त्यामुळे माझे मत असे की, जर्नलने विचारले असेल तर खरे उत्तर द्यावेच, त्याला पर्याय नाही. विचारले नसेल तर नकाराच्या कारणामुळे निबंधात काही बदल झाला असेल तेव्हाच उल्लेख करावा, कारण तेव्हा ते वाक्य संपादकाला काहीतरी सांगते. ठरीव नकाराची बातमी आपणहून देण्याने पारदर्शकता वाढत नाही. जर्नलचे नाव घालण्याची गरज नसते, आणि ‘आमच्यावर अन्याय झाला’ या सुराची तर मुळीच नसते. पहिल्या संपादकाविषयीची तक्रार दुसऱ्या संपादकासमोर मांडली की तो स्वतःला पहिल्याच्या जागी कल्पितो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

उल्लेखाने निबंधावर डाग लागतो ही भीती मला अवाजवी वाटते. ‘सायन्स’मध्ये २०१२ साली आलेल्या एका अभ्यासात जीवशास्त्रातील नऊशेहून अधिक जर्नलांमधील निबंधांचा प्रवास तपासला होता. छापले गेलेले सुमारे तीन चतुर्थांश निबंध पहिल्यांदा त्याच जर्नलकडे आले होते, म्हणजे उरलेले कुठून तरी परत येऊन तिथे पोचले होते, आणि अशा फिरून आलेल्या निबंधांना पुढे काहीशी अधिक उद्धरणे मिळाली. संपादकांना हे रोजच्या अनुभवातून माहीत असते.

नकारापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे असे काही उल्लेख मात्र राहून जातात. निबंध प्रीप्रिंट म्हणून आधीच ठेवला असेल, परिषदेत त्याचा सारांश वाचला असेल, तो प्रबंधाचा भाग असेल किंवा त्याच आकडेवारीवर दुसरा निबंध छापला असेल, तर ते पत्रात आलेच पाहिजे. साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रबंधाशी मोठी जुळणी दिसली आणि पत्रात प्रबंधाचा शब्दही नसला, की दुसरे डेस्क रिजेक्शन तिथेच होते.

मसुद्यातील शेवटच्या वाक्याचे दोन्ही भाग सवयीने लिहिले जातात, पण ते खरे आहेत का हे पाहावे लागते. ‘अन्यत्र विचाराधीन नाही’ हे नकाराची ई-मेल आल्यावरच खरे ठरते. पहिल्या जर्नलकडे त्या निर्णयाविरुद्ध अपील केले असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, किंवा अपील मागे घेतल्याची पोच येईपर्यंत, ते खरे नसते. सहलेखकांचेही तसेच. त्यांनी मान्य केली होती ती जुनी आवृत्ती आणि जुने जर्नल. शीर्षक आणि निष्कर्षाचा रोख बदलल्यावर ती मान्यता आपोआप पुढे सरकत नाही, म्हणून नवी आवृत्ती पाठवून लेखी होकार घ्यावा. निवृत्त झालेले सहमार्गदर्शक ई-मेल पाहत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीही फोन करून घ्यावा.

आणि पत्राने दिलेले वचन निबंधात दिसले पाहिजे. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पत्र औषधोपचारातील खंडाविषयी बोलते आणि निबंधाचे शीर्षक मात्र ‘ऊसतोड कामगारांमधील उच्च रक्तदाबाचा प्रादुर्भाव’ असेच राहते. याची परीक्षा सोपी आहे: पत्रातील दुसरे वाक्य, सारांशातील उद्दिष्ट, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आणि चर्चेचा पहिला परिच्छेद शेजारी ठेवून वाचावेत. चारही ठिकाणी एकच प्रश्न नसेल तर पत्र अजून पाठवण्याजोगे झालेले नाही. मूळ आकडेवारीत खंडाविषयीची माहितीच गोळा केलेली नसेल, तर ही मांडणी करताच येणार नाही, आणि तेव्हा वेगळे जर्नल शोधणे हाच प्रामाणिक मार्ग.

प्रकाशक स्वतःच आपल्या दुसऱ्या जर्नलकडे निबंध वळवण्याचा पर्याय देतो, तेव्हा गोष्ट थोडी वेगळी असते. एका क्लिकवर सगळ्या फाइली पुढे जातात आणि त्यांत जुने पत्रही जाऊ शकते, पहिल्या संपादकाच्या नावासकट. आधीचा निर्णय तिथल्या संपादकाला अनेकदा दिसतच असतो, त्यामुळे उल्लेख करावा की नाही हा प्रश्नच उरत नाही. पण पत्र बदलण्याची संधी त्याच पडद्यावर असते आणि घाईत ती सुटते. फाइलचे नावही बघावे. त्यात जुन्या जर्नलचे लघुरूप राहिलेले मी अनेकदा पाहिले आहे.

काही संपादक पत्र उघडतही नाहीत, ते सारांश आणि तक्ते पाहून ठरवतात, हेही खरे आहे. म्हणून पत्र एका पानाच्या आत ठेवावे, आणि त्यावर घालवलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ शीर्षक आणि सारांशावर घालवावा. दुसरीकडूनही समीक्षेविना नकार आला तर तिसऱ्या पत्रात दोन नकारांची यादी देऊ नये. मसुद्यातले ते एक वाक्य पुन्हा तपासावे: ज्या बदलाविषयी ते बोलते तो बदल अजूनही निबंधात आहे का, आणि नव्या जर्नलच्या वाचकाला त्याच्याशी काही कर्तव्य आहे का. दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी असतील तर ते वाक्य काढून टाकावे.