फुकट आलेलं टोकन विकताना जातं ते दुसरंच

> "वॉलेटमध्ये अचानक नवीन टोकन आलंय आणि त्यासमोर हजारो डॉलर दिसतायत? लगेच स्वॅप करून यूएसडीटी करून घ्या. अप्रूव्ह फक्त त्याच टोकनचं असतं, बाकीच्या पैशांना हात लागत नाही. सीड फ्रेज दिली नाही तर कोणी काही नेऊ शकत नाही. शंका आलीच तर साइटवरून डिस्कनेक्ट करा, विषय संपला."

या मेसेजमधलं एक वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. त्या एका खरेपणामुळे बाकीचा सल्लाही पटतो, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. त्या वाक्याकडे येऊच, पण आधी त्या हजारो डॉलरचं पाहू.

किंमत

इथेरियमवरचं ईआरसी-२० टोकन असो की बीएनबी चेनवरचं बीईपी-२०, ते तुमच्या वॉलेटमध्ये नसतंच. त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, "अमुक पत्त्यावर इतकी शिल्लक" अशी नोंद असते आणि वॉलेट ती वाचून दाखवतं. कॉन्ट्रॅक्ट लिहिणारा कुणाच्याही पत्त्यासमोर कितीही आकडा लिहू शकतो, त्याला तुमची संमती लागत नाही. त्यामुळे टोकन दिसलं म्हणजे वॉलेट हॅक झालं असं नाही. ते नुसतं पडून राहिलं तर काहीही बिघडत नाही.

डॉलरमधला आकडा वॉलेट बहुतेकदा एखाद्या लिक्विडिटी पूलमधल्या, म्हणजे अदलाबदलीसाठी ठेवलेल्या दोन टोकनच्या साठ्यातल्या, भावावरून काढतं. समजा, टोकन बनवणाऱ्याने पूलमध्ये १,००० टोकन आणि ५०० यूएसडीटी ठेवले. भाव झाला अर्धा डॉलर. मग त्याने तुमच्या पत्त्यावर ८,००० टोकन पाठवले, की तुमच्या स्क्रीनवर ४,००० डॉलर दिसणार. पण पूलमध्ये मुळात आहेतच ५०० यूएसडीटी. विक्री अगदी सुरळीत झाली तरी नेहमीच्या स्वॅपच्या सूत्राने (५०० × ८,००० ÷ ९,०००) हाती ४४४ च्या आसपासच येतील. आणि विक्री सुरळीत होणारच नाही, कारण कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी एखादी ओळ लिहून ठेवलेली असते:

```solidity
require(from == owner || to != pair, "Claim at ...");
```

म्हणजे मालकाशिवाय दुसऱ्या कुणी पूलकडे टोकन पाठवलं की व्यवहार फसतो. सोबतच्या मजकुरात एखाद्या साइटचा पत्ताही घालता येतो. कधी टोकनचं नावच साइटचा पत्ता असतं.

अप्रूव्ह कशाचं?

आता ते बऱ्याच अंशी खरं वाक्य: "अप्रूव्ह फक्त त्याच टोकनचं असतं." अप्रूव्ह म्हणजे तुमचं टोकन खर्च करायची दुसऱ्याला दिलेली परवानगी. पॅनकेकस्वॅपच्या खऱ्या साइटवर तुम्ही ते अनोळखी टोकन अप्रूव्ह केलंत, तर तो व्यवहार त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टकडे जातो. ते कॉन्ट्रॅक्ट कितीही दुष्ट असलं तरी तुमचे यूएसडीटी ओढू शकत नाही. यूएसडीटीचं कॉन्ट्रॅक्ट "मला आत्ता कोण हाक मारतंय" ते तपासतं, आणि इथे हाक मारणारं असतं ते टोकनचं कॉन्ट्रॅक्ट, तुम्ही नाही. या पायरीवर फार तर गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, जातो. साध्या अप्रूव्हला साधारण ५० हजार युनिटच्या आसपास गॅस लागतो. वॉलेट काही लाख युनिटचा अंदाज दाखवत असेल, तर त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मुद्दाम जास्तीचं काम भरलेलं आहे, तिथेच थांबावं.

पण फसवणाऱ्याची भिस्त या पायरीवर नसतेच. स्वॅप फसावा हीच त्याची योजना असते. ४,००० डॉलर समोर दिसतायत आणि विकता येत नाहीत, अशा वेळी माणूस टोकनच्या नावातल्या साइटवर जातो. तिथे तसंच दिसणारं स्वॅपचं किंवा क्लेमचं बटण असतं, फक्त त्यामागचा व्यवहार बदललेला असतो.

उदाहरण घेऊ. बीएनबी चेनवरच्या वॉलेटमध्ये १,८५० यूएसडीटी, ०.०३ बीएनबी आणि ते ८,००० टोकन आहेत. वॉलेट जोडताच साइटला तुमचा पत्ता कळतो. शिल्लक सार्वजनिकच असते, त्यामुळे सर्वांत मोठी रक्कम कशात आहे हे साइट लगेच पाहते. तुम्ही टोकन विकण्यासाठी बटण दाबता आणि वॉलेटसमोर हे येतं:

```
to:   0x55d398326f99059fF775485246999027B3197955
data: 0x095ea7b3
      000000000000000000000000<spender address>
      ffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffffff
```

पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची. परवानगी कोणत्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदवली जाणार ते ती सांगते, आणि हा पत्ता बीएनबी चेनवरच्या यूएसडीटीचा आहे. अनोळखी टोकनचा या व्यवहारात कुठेच संबंध नाही. `095ea7b3` म्हणजे अप्रूव्ह. त्यानंतरचा पत्ता ज्याला खर्च करायची मुभा मिळणार त्याचा, म्हणजे स्पेंडरचा. शेवटचे ६४ एफ म्हणजे शक्य तितका मोठा आकडा, थोडक्यात मर्यादा नाही.

कन्फर्म केल्यावर त्या क्षणी काहीच जात नाही. शिल्लक १,८५० च राहते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. मग स्पेंडर स्वतःच्या बाजूने `transferFrom` चालवतो. सही त्याची, गॅसही त्याचा, तुमच्या वॉलेटवर खिडकी उघडत नाही. "मी काहीच पाठवलं नाही, तरी पैसे गेले" असं लोक सांगतात ते खरंच असतं. परवानगी आधीच दिलेली होती.

म्हणून अप्रूव्हच्या खिडकीत दोनच गोष्टी वाचाव्यात: कोणत्या टोकनची परवानगी, आणि कुणाला. एखादं टोकन विकायला फक्त त्याच टोकनची परवानगी लागते. अनोळखी टोकन विकायला आलात आणि खिडकीत यूएसडीटी लिहिलंय, तर तिथेच नाकारा. आणि नुसतं टोकन घ्यायला तर तुमच्या कशाचीच परवानगी लागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅपने आधीच्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० युनी दिले, तेव्हा लोकांनी क्लेमचा एक व्यवहार केला आणि फक्त गॅस भरला. फुकट टोकनची आशा अशा खऱ्या वाटपांमुळेच टिकून आहे, पण त्यात कुणाला आपले डॉलर अप्रूव्ह करावे लागले नव्हते.

एक पळवाट राहते. बीएनबी किंवा ईथर ही चेनची मूळ नाणी, त्यांना अप्रूव्ह नसतं. ती न्यायची तर व्यवहारासोबतच पाठवून घ्यावी लागतात. त्यासाठी `Claim` किंवा `SecurityUpdate` अशा नावाचं फंक्शन ठेवलेलं असतं. नाव काय ठेवायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, त्याला अर्थ नाही. क्लेमच्या खिडकीत गॅसशिवाय वेगळी रक्कम वजा होताना दिसली, तर फंक्शनचं नाव काहीही असो, तुम्ही पैसे पाठवताय.

सीड फ्रेज

सीड फ्रेज लागते ती तुमच्या नावाने सही करण्यासाठी. इथे सही तुम्ही स्वतःच करून देता, मग चोराला सीड हवी कशाला? हार्डवेअर वॉलेटही इथे वाचवत नाही. ते चावी सुरक्षित ठेवतं, पण तुम्ही बटण दाबून मंजूर केलेला व्यवहार त्याच्या दृष्टीने खराच असतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे गॅस न लागणारी सही. इथेरियमवरच्या यूएसडीसीसारख्या टोकनमध्ये परमिटची सोय आहे. त्यात परवानगी व्यवहाराने न देता नुसत्या सहीने देता येते. वॉलेट "Signature request" दाखवतं, गॅस शून्य, आणि नंतर व्यवहारांच्या यादीतही काही दिसत नाही. ती सही चोर स्वतःच्या गॅसने चेनवर सादर करतो आणि तेव्हा परवानगी लागू होते. युनिस्वॅपचं २०२२ मध्ये आलेलं परमिट२ हे अशाच सह्यांवर चालणारं कॉन्ट्रॅक्ट जास्त पसरलेलं आहे. ज्यांनी एखाद्या टोकनची परवानगी परमिट२ ला आधीच दिली आहे, त्यांचं ते टोकन न्यायला अशी एक सही पुरते. सहीच्या मजकुरात `Permit`, `spender`, `value`, `deadline` हे शब्द दिसले तर ते लॉगिन नव्हे, खर्चाची परवानगी आहे. एनएफटीच्या बाबतीत `setApprovalForAll` दिसलं, तर त्या संग्रहातल्या तुमच्या सगळ्याच वस्तूंची मुभा जाते.

डिस्कनेक्ट

डिस्कनेक्ट केल्याने साइटला तुमचं वॉलेट दिसेनासं होतं, इतकंच. परवानगी साइटवर नसते, यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नोंदलेली असते. वॉलेट ॲप काढून टाकलं तरी ती राहते. शिल्लक शून्य झाल्यावरही राहते, म्हणून तीन महिन्यांनी त्याच पत्त्यावर पुन्हा यूएसडीटी आले तर तेही जाऊ शकतात.

ती काढायची तर बीएससीस्कॅनचं `Token Approval Checker` किंवा `revoke.cash` वापरावं. पत्ता स्वतः टाइप करावा, कारण शोधातल्या जाहिरातींत नकली साइट असतात. नेटवर्क नीट निवडावं, प्रत्येक चेनवरच्या परवानग्या वेगळ्या असतात. यादीत अनोळखी स्पेंडर आणि `Unlimited` दिसलं की `Revoke` करावं. हा त्याच स्पेंडरला शून्य रकमेचा अप्रूव्ह असतो आणि त्याला थोडा गॅस लागतो, तेव्हा वॉलेटमध्ये थोडे बीएनबी ठेवावे लागतात.

पैसे अजून जागेवर असतील तर क्रम महत्त्वाचा. परवानगी एकच असेल तर लगेच रिव्होक. अनेक टोकनच्या दिल्या असतील, तर सर्वांत मोठी रक्कम आधी दुसऱ्या पत्त्यावर हलवावी आणि मग रिव्होक करत बसावं. यूएसडीसीवर परमिटची सही दिली असेल तर रिव्होकचा भरवसा धरू नये, कारण न वापरलेली सही सादर करून चोर परवानगी पुन्हा उभी करू शकतो. तिथे रक्कम हलवणं हाच उपाय. आणि सीड फ्रेजच कुठे टाकली असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही, नव्या सीडचं नवं वॉलेट लागेल. उलट, चूक फक्त अप्रूव्हची असेल तर रिव्होकनंतर तेच वॉलेट वापरता येतं.

ते टोकन वॉलेटमधून लपवून ठेवावं. "जाळून टाकायला" कुठे पाठवण्याचीही गरज नाही, त्यातही गॅस जातो आणि हाती काही लागत नाही.

पैसे गेलेच असतील तर भारतात १९३० वर फोन आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार त्याच दिवशी करावी. तक्रारीत तुमचा पत्ता, अप्रूव्हचा व्यवहार क्रमांक, `transferFrom` चा व्यवहार क्रमांक आणि रक्कम ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता द्यावा. ती रक्कम पुढे एखाद्या एक्स्चेंजमध्ये जमा झालेली दिसली, तर त्या एक्स्चेंजलाही हेच क्रमांक लगेच कळवावेत. ती तिथून निघण्याआधीच गोठवता येते.